हजार छत्र्या, पस्तीस दिवस, पंधरा दिवस

सांगलीतल्या एका छत्री-रेनकोट विक्रेत्याचं उदाहरण घेऊ. वर्षानुवर्षं ते मुंबईच्या घाऊक बाजारातून माल उचलतात. तिथल्या बहुतेक छत्र्या चीनमधून येतात हे त्यांना माहीत आहेच. यंदा त्यांनी ठरवलं, की 2027 च्या पावसाळ्यासाठी थेट कारखान्याकडूनच माल मागवायचा. छत्रीवर दुकानाचं नाव छापलेलं हवं, आणि गावातल्या एका मोठ्या शाळेसाठी गणवेशाच्या हिरव्या रंगाच्या अडीचशे छत्र्या वेगळ्या हव्यात. दिवाळी उरकली आणि त्यांनी झेजियांग प्रांतातल्या सोंगशिया गावच्या एका कारखान्याला मेल टाकला. शाओशिंग शहराच्या हद्दीतलं हे गाव छत्र्यांसाठीच ओळखलं जातं. काड्या करणारे, मुठी करणारे, कापड शिवणारे असे सगळे तिथे एकमेकांच्या शेजारी आहेत, आणि निंगबो बंदरही फार लांब नाही.

16 नोव्हेंबरला कोटेशन आलं, अवघं एक पान. तीन घडीची, बटणावर उघडणारी-मिटणारी छत्री, 21 इंच, आठ काड्या, 190 टी पाँजी कापड. दर 2.10 डॉलर, एफओबी निंगबो. एमओक्यू 1000 नग. लीड टाइम 35 दिवस. दराची व्हॅलिडिटी 15 दिवस. 30 टक्के आगाऊ, उरलेले माल जहाजावर चढल्यावर, बिल ऑफ लॅडिंगची प्रत आली की.

पहिल्यांदा आयात करणाऱ्याची नजर साहजिकच 2.10 वर जाते. तो मनातल्या मनात रुपये करतो, मुंबईच्या भावाशी ताडून पाहतो आणि खूश होतो. पण या पानावरचा दर हा इतर तीन आकड्यांच्या आधारावर उभा आहे आणि ते तिन्ही आकडे अर्धवट लिहिलेले आहेत. हजार नग, पण कशाचे? पस्तीस दिवस, पण कधीपासून? पंधरा दिवस दर पक्का, पण काय केलं म्हणजे पक्का? ही उत्तरं कोटेशनवर सहसा नसतात. त्यात लपवाछपवीच असते असं नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ती ठाऊक असतात, म्हणून कारखानदार लिहीत नाही.

एमओक्यू म्हणजे कारखाना कमीत कमी किती माल करून देईल तो आकडा. आपल्या दुकानदारांनी हिशेब असा मांडला: काळ्या 400, नेव्ही ब्लू 200, मरून 150, हिरव्या 250. झाल्या हजार. कारखान्याच्या मनात मात्र हजार नग एका रंगाचे होते. चार रंग म्हणजे चार हजार. पहिल्या व्यवहारात सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो, आणि तो उघड होतो तेव्हा दोघांनाही समोरचा लबाड वाटतो.

हजारच का, हे समजून घेतलं तर बोलणी करता येतात. 21 इंची, आठ काड्यांच्या छत्रीचं कापड साधारण पाऊण-पाऊण मीटरच्या आठ त्रिकोणी पाकळ्यांत कापलेलं नसतं, तर जेमतेम अर्धा मीटर लांबीच्या पाकळ्यांत. सगळ्या पाकळ्यांचं क्षेत्रफळ मिळून 0.8 चौरस मीटरच्या आसपास भरतं. दीड मीटर पन्ह्याच्या कापडातून, कापताना वाया जाणारं धरून, एका छत्रीला साठ-पासष्ट सेंटीमीटर लांबी लागते. म्हणजे हजार छत्र्यांना सहा-साडेसहाशे मीटर. हे कापड छत्रीवाला स्वतः रंगवत नाही, डाइंग मिलमधून रंगवून घेतो. मिलचं मशीन एकदा भरलं की पाणी, वाफ, रसायन आणि मशीन धुण्याचा खर्च ठरलेला असतो, कापड थोडं घातलं तरी. लग्नाच्या पंगतीचं पातेलं चुलीवर चढवून कोणी चार माणसांचा भात लावत नाही, तसंच. समजा मिल म्हणाली, एका रंगाचं सहाशे मीटरच्या खाली घेणार नाही, तर छत्रीवाल्याच्या कोटेशनवर आपोआप हजाराचा आकडा येतो. छत्र्या शिवणाऱ्या बायकांना अडीचशे आणि हजार यांत फारसा फरक पडत नाही. अडचण त्यांच्या आधीच्या टप्प्यावर आहे.

म्हणून ‘एमओक्यू कमी करा’ असं नुसतं म्हणण्यात अर्थ नसतो. ‘हा आकडा कशामुळे आला, कापडामुळे, छपाईमुळे की मुठीमुळे?’ असं विचारावं. कारखाना खरोखर स्वतः माल करत असेल तर उत्तर चटकन आणि नेमकं येतं. नुसता मधला व्यापारी असेल तर तो ‘कंपनी पॉलिसी’ म्हणतो किंवा दोन दिवस गप्प बसतो. उलट, तुमच्याच खास रंगात शंभर नग करून देतो असं कोणी सहज म्हणाला तर जास्त सावध व्हावं. बहुधा त्याच्याकडे त्या रंगाच्या जवळपासचं शिल्लक कापड पडलेलं असतं आणि तो तेच तुमच्या गळ्यात मारणार असतो.

आपल्या दुकानदारांनी हा प्रश्न विचारला. उत्तर आलं, अडचण कापडाच्या रंगाची आहे. मग पुढचा प्रश्न सोपा होता: तयार रंगवलेलं कोणतं कापड तुमच्याकडे कायम असतं? काळं, नेव्ही आणि मरून असतं, असं कळलं. त्या तीन रंगांसाठी नवीन रंगकाम नाही, म्हणजे रंगामागे हजाराची अट उरत नाही. छपाईचा मुद्दा आला, पण दुकानाचं नाव सगळ्या छत्र्यांवर एकाच आकारात आणि एकाच पांढऱ्या शाईत असल्यामुळे छपाईची जाळी एकच पुरणार होती. प्रत्येक रंगावर वेगळ्या रंगाची शाई किंवा वेगळी नक्षी मागितली असती तर तिथे दुसरी किमान संख्या उभी राहिली असती.

उरला हिरवा. अडीचशे छत्र्यांना लागणार एकशे साठ मीटर कापड, आणि मिल रंगवणार सहाशे. इथे तीन वाटा असतात. हजार हिरव्या छत्र्या घ्यायच्या आणि साडेसातशे दुकानात पडू द्यायच्या. किंवा कारखान्याकडच्या तयार हिरव्यावर भागवायचं. किंवा कमी कापड रंगवण्याचा जादा आकार द्यायचा. आपल्या उदाहरणात कारखान्याने 120 डॉलरचा एकरकमी आकार सांगितला. अडीचशे छत्र्यांवर वाटला तर नगामागे 48 सेंट, म्हणजे हिरवी छत्री 2.10 ऐवजी 2.58 ला पडते. महाग वाटते खरी, पण पडून राहणाऱ्या साडेसातशे छत्र्यांमध्ये अडकणारे 1575 डॉलर डोळ्यांसमोर ठेवले तर 120 डॉलर स्वस्त आहेत. चौथी वाटही कधी कधी पुढे केली जाते: सहाशे मीटर रंगवू, उरलेल्या कापडाचे पैसे तुम्ही द्या, ते पुढच्या वर्षी वापरू. पहिल्याच व्यवहारात ही वाट घेऊ नये असं माझं मत आहे. कापड तुमचं, गोदाम त्यांचं, आणि वर्षभराने ते जागेवर आहे की नाही हे सांगलीतून कसं बघणार?

कोटेशनवर नगांप्रमाणे दराचे टप्पेही असतात. पाचशेला एक भाव, हजाराला दुसरा, तीन हजाराला तिसरा. तिथे इतकंच पाहायचं, की खालच्या भावाच्या मोहात वाढवलेले नग त्याच हंगामात विकले जाणार आहेत का. छत्रीला गणेशोत्सवानंतर गिऱ्हाईक नसतं. आणखी एक गोष्ट प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर, म्हणजे ऑर्डर पक्की करणाऱ्या कच्च्या बिलावर, बारीक अक्षरात असते: माल पाच टक्के कमी-जास्त होऊ शकतो. कापताना, छापताना काही वाया जाणार म्हणून ही मुभा असते. शाळेला मोजून अडीचशे द्यायच्या असतील आणि आल्या 238, तर कारखाना नियमात बसलेला असतो. हिरव्या रंगापुरतं ‘कमी चालणार नाही’ असं लिहून घ्यावं.

आता पस्तीस दिवस. बहुतेकांना वाटतं की आज ‘हो’ म्हटलं की पस्तिसाव्या दिवशी माल. काही जणांना तर तो माल पस्तिसाव्या दिवशी आपल्या दारात येईल असं वाटतं. दोन्ही टोकांना गडबड आहे. घड्याळ सुरू होतं ते आगाऊ रक्कम कारखान्याच्या खात्यात जमा झाली आणि नमुना तुम्ही मंजूर केला, या दोन्हींतली जी गोष्ट नंतर घडेल तिच्यापासून. आणि थांबतं ते माल कारखान्यात बांधून तयार झाला की. जहाज मिळणं, समुद्रप्रवास, न्हावाशेव्याचं कस्टम्स, सांगलीचा ट्रक, हे सगळं त्या पस्तीस दिवसांच्या बाहेर.

त्या पस्तीस दिवसांत नक्की काय चालतं? हजार छत्र्या जोडायला फार तर चार-पाच दिवस पुरतात. कापड रंगून, पाणी न शोषण्याचं फिनिशिंग होऊन यायला दहा-बारा दिवस जातात. सांगाडे दुसऱ्या कारखान्यातून येतात, ते तोवर तयार होतात. मग कापणं, पाकळ्यांवर छपाई, वाळवणं, शिवण, काड्यांच्या टोकांना कापड टाचणं. बाकीचे दिवस तुमचा माल रांगेत असतो, कारण पुढे दुसऱ्या कुणाच्या वीस हजार छत्र्या चाललेल्या असतात. हे माहीत असलं की ‘लवकर करा’ म्हणताना काय शक्य आहे ते कळतं. रांगेत पुढे घेता येतं, रंगकाम मात्र पुढे ढकलून संपवता येत नाही. एखादा कारखाना हंगामात पंधरा दिवसांत देतो म्हणाला तर त्याला विचारावं, कापड तयार आहे का? नसेल तर तो आकडा ऑर्डर मिळवण्यापुरता आहे.

आता आपल्या दुकानदारांचं कॅलेंडर मांडून पाहू. आगाऊ रक्कम 7 डिसेंबरला पोहोचली (तिला एवढा वेळ का लागला ते पुढे येईल). हिरव्या रंगासाठी मिलने आधी कापडाचा छोटा रंगवलेला तुकडा करायचा असतो, त्याला धंद्यात लॅब डिप म्हणतात. तो आणि छापील नमुना 15 डिसेंबरला कुरिअरने निघाला, 21 ला सांगलीत आला. दुकानदारांनी तो दुकानात, ट्यूबलाइटखाली, गणवेशाच्या कापडाला लावून पाहिला आणि त्यांना तो जुळतोय असं वाटलं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तोच तुकडा मैदानावर उन्हात धरला आणि मान हलवली. दोन वेगळ्या कापडांवरचे, वेगळ्या रंगांनी साधलेले दोन हिरवे एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फटकून दिसतात, हे कापडाच्या धंद्यात नेहमीचं आहे. म्हणून रंग मंजूर करताना तो दिवसाउजेडीच पाहायचा. नवा तुकडा 4 जानेवारीला आला आणि 6 जानेवारीला मंजुरी गेली.

6 जानेवारीपासून पस्तीस दिवस म्हणजे 10 फेब्रुवारी. आणि 2027 मध्ये चिनी नववर्ष आहे 6 फेब्रुवारीला. सरकारी सुट्टी आठवडाभराची असली तरी कारखान्यातले बरेच कामगार दूरच्या प्रांतांतून आलेले असतात, ते दहा-पंधरा दिवस आधीच गावाकडे निघतात. परततात ते पंधराव्या दिवसाचा कंदिलांचा सण झाल्यावर, म्हणजे यंदा 20 फेब्रुवारीनंतर. काही परततच नाहीत, दुसरीकडे काम धरतात. त्यामुळे कारखाना उघडला तरी आठवडाभर पूर्ण वेगाने चालत नाही. धरा, 25 जानेवारीला काम थांबलं. तोवर पस्तीसपैकी एकोणीस दिवस झाले. उरलेले सोळा 22 फेब्रुवारीपासून मोजले तर 10 मार्च, आणि व्यवहारात पंधरा-वीस मार्च. कोटेशनवर मात्र शेवटपर्यंत 35 हाच आकडा राहतो आणि तो खोटाही नसतो.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की साडेसातशे छत्र्यांना हिरव्या रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं कापड तयार होतं, नाव छापलेला नमुना 21 डिसेंबरलाच हातात होता आणि ठीक होता. 22 डिसेंबरला तेवढ्यापुरती मंजुरी दिली असती तर पस्तीस दिवस 26 जानेवारीला पुरे होत होते, म्हणजे सणाच्या अगदी उंबरठ्यावर, पण अलीकडच्या बाजूला. एका ऑर्डरमधला सगळ्यात हळू चालणारा रंग सगळ्या ऑर्डरला मागे ओढतो. ऑर्डर देतानाच ‘तयार कापडाचे रंग वेगळे मंजूर करू, वेगळं काम सुरू करा’ असं लिहून घेता येतं. माल एकाच खेपेत पाठवायचा असला तरी निम्मं काम सणाआधी हातावेगळं होतं. एक मात्र खरं, की सणाच्या आधीच्या आठवड्यात घाईने झालेल्या मालात दोष जास्त निघतात. त्यामुळे तो माल निघण्यापूर्वी कुणाकडून तरी तपासून घ्यावा: बटण दहा वेळा दाबून छत्री उघड-मीट करायची आणि काड्यांच्या टोकांची टाचणी ओढून बघायची. छत्रीची बहुतेक दुखणी या दोन जागांवर सापडतात.

काम चाललंय की नाही हे सांगलीत बसून कसं कळणार? ‘प्रॉडक्शन सुरू आहे’ या उत्तराला काही किंमत नसते. कापणीच्या टेबलावर पसरलेल्या तुमच्या हिरव्या कापडाचा फोटो मागावा. मंजुरीनंतर पंधरा दिवसांनीही तो मिळत नसेल तर कापडच आलेलं नाही असं समजावं आणि तारीख पुढे धरावी.

माल तयार झाल्यावरचं गणितही आपलंच. हजार छत्र्यांनी कंटेनर भरत नाही, त्याचा एक कोपरा भरतो. दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जायचं म्हणजे कंटेनर भरेपर्यंत थांबणं आलं, इकडे उतरल्यावर तो रिकामा होऊन माल वेगळा होण्यात पुन्हा काही दिवस. निंगबो ते न्हावाशेवा तीन-चार आठवडे धरले, कस्टम्सला आठवडा, तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तयार झालेला माल एप्रिलअखेर सांगलीत. मृगाला अजून महिनाभर, म्हणजे निभावलं. पण याच दुकानदारांनी दिवाळीनंतर लगेच नाही, नाताळाच्या सुमारास कोटेशन मागवलं असतं तर नमुनाच मार्चमध्ये आला असता, मंजुरी मार्चच्या मध्यावर, माल 20 एप्रिलला तयार आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रक सांगलीत. शाळा तेव्हा उघडत असतात आणि छत्र्या विकत घेऊन झालेल्या असतात.

कारखान्याच्याही हाताबाहेरच्या गोष्टी असतात. ऑगस्ट 2021 मध्ये निंगबो बंदरातल्या मेइशान टर्मिनलवर एका कामगाराला करोना झाल्याचं निघालं आणि ते टर्मिनल सुमारे दोन आठवडे बंद राहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात झेजियांगसह अनेक प्रांतांत कारखान्यांच्या विजेवर कपात आली. अशा वेळी पस्तीसचे पन्नास होतात आणि कोणी भरपाई देत नाही. छोट्या खरेदीदाराला उशिराबद्दल दंडाचं कलम सहसा मिळतच नाही. मिळू शकते ती एक साधी गोष्ट: प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर ‘35 दिवस’ याऐवजी माल जहाजावर चढण्याची शेवटची तारीख. तारीख लिहायची म्हटली की कारखानदार स्वतःच सणाचा हिशेब करून खरं बोलतो.

तिसरा आकडा, दराची मुदत. 16 नोव्हेंबरपासून पंधरा दिवस म्हणजे 1 डिसेंबर. आपल्या दुकानदारांनी 27 नोव्हेंबरला मेलवर होकार कळवला आणि निर्धास्त झाले. कारखान्याने त्याच दिवशी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस पाठवलं. त्यावर लिहिलं होतं की 4 डिसेंबरपर्यंत आगाऊ रक्कम मिळाल्यास हा दर. म्हणजे होकाराने दर पक्का होत नाही, पैसे पोहोचल्यावर होतो. एकूण बिल हजार छत्र्यांचे 2100 आणि रंगकामाचे 120 मिळून 2220 डॉलर, त्याचे 30 टक्के म्हणजे 666 डॉलर पाठवायचे होते.

रक्कम छोटी, पण पहिलीच. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, त्यांनी आधीच काढून ठेवला होता, तो ऑनलाइन मिळतो. पण बँकेच्या शाखेत आयातीचं काम क्वचित येत असल्याने अर्ज, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस आणि खात्याची कागदपत्रं मोठ्या शाखेत गेली आणि पैसे निघाले ते शुक्रवारी, 4 डिसेंबरला दुपारी. मध्ये शनिवार-रविवार. सोमवारी, 7 तारखेला कारखान्याच्या खात्यात जमा झाले 641 डॉलर. वाटेतल्या बँकेने 25 डॉलर कापून घेतले होते, कारण फॉर्मवर सगळा खर्च पाठवणाऱ्याने सोसायचा या पर्यायावर खूण नव्हती. आता मुदत उलटलेली, आणि वर रक्कमही कमी. कारखान्याचा मेल आला: कापड वाढलं आहे, नवा दर 2.16.

नगामागे सहा सेंट म्हणजे हजार छत्र्यांवर 60 डॉलर. कारखाना संधी साधत होता का? थोडीफार असेलही. पण मुदत का घालतात हे पाहिलं तर त्याचीही बाजू दिसते. कारखान्याची मजुरी, कापड, सांगाडे सगळं युआनमध्ये, आणि बिल डॉलरमध्ये. एक डॉलर 7.20 युआन असताना 2.10 डॉलरचे 15.12 युआन हातात येतात. तोच 7 युआनवर आला तर 14.70. नगामागे 42 फेन गेले, आणि ज्या मालावर मुळात चार-पाच टक्केच सुटतात तिथे हा निम्म्याहून जास्त नफा झाला. पॉलिएस्टर हे पेट्रोलियमपासून बनतं, त्याचा भाव तेलाबरोबर हलतो. पंधरा दिवस दर धरून ठेवणं म्हणजे तेवढे दिवस ही जोखीम कारखान्याने फुकट अंगावर घेणं. त्यामुळे एखाद्याने सहा महिन्यांची मुदत दिली तर आनंद मानू नये. त्याने दरात जोखमीचे पैसे आधीच घातलेले असतात, किंवा वेळ आली की तो शब्द फिरवणार असतो.

मुदत संपण्याच्या आत वाढवून मागितली तर बहुतेक वेळा मिळते. मुदत उलटल्यावर मागितली की ती नव्याने भाव ठरवणं होते. 30 नोव्हेंबरला ‘बँकेत कागद गेले आहेत, 10 डिसेंबरपर्यंत 2.10 कायम ठेवता का, मेलवर कळवा’ एवढं लिहिलं असतं आणि बँकेच्या अर्जाची प्रत जोडली असती तर बहुधा होकार आला असता. कारखान्याला पाहायचं असतं ते गिऱ्हाईक खरं आहे का. आपल्या दुकानदारांनी नंतर बँकेची पावती पाठवून, 25 डॉलर शेवटच्या हप्त्यात देण्याचं कबूल करून 2.10 वरच निभावून नेलं. पण ते समोरच्याच्या मर्जीने झालं.

आणि पक्का झाला तो फक्त डॉलरमधला, निंगबोपर्यंतचा दर. एफओबी म्हणजे माल तिथल्या जहाजावर चढेपर्यंतचा खर्च कारखान्याचा, पुढचं जहाजभाडं आपलं. भाड्याचं कोटेशन वेगळं मिळतं आणि त्याची मुदत बहुधा आणखी लहान असते, म्हणून नोव्हेंबरमध्ये विचारलेलं भाडं मार्चमध्ये धरून चालत नाही. रुपयाचंही तसंच. उरलेले 1579 डॉलर मार्चअखेर द्यायचे होते, आणि तोवर डॉलर दोन रुपयांनी महागला तर 3158 रुपये जास्त जातात. एवढ्या व्यवहारात ते सोसवतं, दहापट मोठ्या ऑर्डरला बँकेकडे फॉरवर्डचा, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलर आज ठरलेल्या भावात घेण्याचा, विचार करावा लागतो.

सगळ्यात मोठी गोष्ट सीमाशुल्काची. 2022 च्या अर्थसंकल्पात छत्र्यांवरचं मूळ सीमाशुल्क वाढवून 20 टक्के केलं गेलं. त्या आधीच्या नोव्हेंबरात ज्यांनी हिशेब मांडले होते त्यांचा माल फेब्रुवारीनंतर उतरला तेव्हा त्यांना नवा दर लागला. शुल्क ठरतं ते ऑर्डरच्या तारखेला नाही. कस्टम्समध्ये बिल ऑफ एंट्री दाखल होतं ती तारीख आणि जहाजाला बंदरात प्रवेश मिळतो ती तारीख, यांतली जी नंतरची असेल त्या दिवशीचा दर लागतो. शुल्कावर सामाजिक कल्याण अधिभार, त्या सगळ्यावर आयजीएसटी. त्यामुळे ऑर्डर देतानाच कस्टम्स एजंटला छत्रीचा त्या दिवशीचा दर आणि आकारणीची रीत विचारून घ्यावी, आणि 1 फेब्रुवारीनंतर पुन्हा विचारावी.

आपल्या दुकानदारांना शाळेने जानेवारीतच विचारलं होतं, हिरवी छत्री कितीला द्याल. त्यांनी भाव सांगितला. खाली ओळ घातली: हा दर 31 जानेवारीपर्यंत, आगाऊ निम्मी रक्कम मिळाल्यास. अर्थसंकल्पात शुल्क बदलल्यास फरक वेगळा. अडीचशेपेक्षा कमी छत्र्या घेतल्यास हा भाव लागू नाही.